तिसऱ्या पाळीतली तारीख: एका बग रिपोर्टचं प्रकरण

चाकणजवळचा वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना. माल तिन्ही पाळ्यांत बाहेर पडतो, पण मोठ्या ग्राहकाला सकाळच्या पाळीसाठी लागणारे भाग रात्री बारानंतरच निघतात. इनव्हॉइस बनवायला ब्राउझरमध्ये चालणारं ईआरपी, म्हणजे कारखान्याचे व्यवहार नोंदवणारं सॉफ्टवेअर, आहे. ‘सेव्ह’ केलं की तेच सॉफ्टवेअर सरकारच्या इनव्हॉइस रजिस्ट्रेशन पोर्टलकडून आयआरएन, म्हणजे इनव्हॉइसचा नोंदणी क्रमांक, आणि सही केलेला क्यूआर कोड मागवतं, त्यावर मालवाहतुकीसाठी लागणारं ई-वे बिल काढतं आणि कागद छापतं. मी तेव्हा कारखान्याच्या बाजूने हे ईआरपी सांभाळत होतो. डेव्हलपर पुण्यातच, पण दुसऱ्या कंपनीत, आणि त्यांच्यापर्यंत जायचा रस्ता एकच, तो म्हणजे तिकीट. कारखान्याचं आणि सॉफ्टवेअरचं नाव इथे देत नाही, आणि आकडेही ओळख पटणार नाही इतके बदलले आहेत. गणित मात्र तेच आहे.

१ जानेवारी २०२६ च्या पहाटे एक ट्रक ग्राहकाच्या गेटवरून परत आला. त्या ग्राहकाने नव्या वर्षापासून गेटवर कागद डोळ्यांनी वाचणं बंद करून क्यूआर वाचायला सुरुवात केली होती. छापील इनव्हॉइसवर तारीख होती ०१/०१/२०२६, क्यूआरमधून निघाली ३१/१२/२०२५. दोन तारखा जुळेनात, त्यामुळे माल आत घ्यायला नकार. डिस्पॅचने ई-वे बिल रद्द केलं, मग आयआरएन रद्द केला, नव्या नंबरचं इनव्हॉइस बनवलं आणि ट्रक पुन्हा पाठवला. रात्री पावणेदोनला गेटवर पोचलेला माल सकाळी साडेसहाला उतरला.

सकाळी गेलेलं तिकीट असं होतं:

“इनव्हॉइसची तारीख चुकीची येते. रात्री ट्रक परत आला. खूप अर्जंट आहे, लगेच बघा.”

सोबत छापील इनव्हॉइसचा फोटो. गंमत अशी की फोटोत तारीख बरोबर दिसत होती, ०१/०१/२०२६. चूक क्यूआरच्या आत होती, आणि ती डोळ्यांनी दिसत नाही. म्हणजे तक्रार ज्या गोष्टीची, तिच्या उलट पुरावा जोडलेला.

डेव्हलपरने काम टाळलं नाही. त्याने सकाळी अकराच्या सुमारास तीन इनव्हॉइस बनवली, तिन्हींची तारीख बरोबर आली, आणि त्याने तिकीट `Cannot Reproduce`, म्हणजे ‘चूक पुन्हा घडवता आली नाही’, म्हणून बंद केलं. त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं. तिकिटात रात्रीचा उल्लेख होता, पण ट्रक परत आला त्या संदर्भात. इनव्हॉइस किती वाजता बनलं याने काही फरक पडतो असं त्यात कुठेच म्हटलेलं नव्हतं.

इकडे कारखान्यात निष्कर्ष निघालाही होता. तिसऱ्या पाळीला डिस्पॅचला दोन क्लार्क आलटून पालटून असतात. एकाच्या पाळीत घोटाळा होतो, दुसऱ्याच्या पाळीत होत नाही. म्हणजे “तो पोरगा तारीख चुकीची टाकतो.” त्या मुलाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “सर, मी तारखेला हातच लावत नाही.” सगळ्यांनी ते स्वतःला वाचवण्यासाठी दिलेलं उत्तर समजून सोडून दिलं. प्रत्यक्षात संपूर्ण प्रकरणातली सगळ्यात अचूक माहिती त्या एका वाक्यात होती.

नवं तिकीट लिहिण्याआधी मला एकच गोष्ट ठरवायची होती. “कधी कधी होतं” यातलं ‘कधी’ नेमकं कोणतं? त्यासाठी कोड लागत नाही. ईआरपीच्या `Invoice Register` मधून १ डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात बनलेल्या इनव्हॉइसची एक्सेल काढली. त्यात दोन रकाने कामाचे होते: इनव्हॉइसची तारीख, म्हणजे B रकान्यातलं `Invoice Date`, आणि नोंद प्रत्यक्ष झाली ती वेळ, म्हणजे D रकान्यातलं `Created On`. एक्सेलमध्ये तारीख हा पूर्णांक असतो आणि वेळ हा त्यापुढचा अपूर्णांक, म्हणून दोन सूत्रं पुरली:

```
=INT(D2)-B2
=MOD(D2,1)
```

पहिल्यात ० आलं तर दोन्ही तारखा सारख्या, १ आलं तर इनव्हॉइस एक दिवस मागे गेलेलं. दुसऱ्या सूत्राच्या रकान्याला वेळेचं स्वरूप दिलं की नुसते तास-मिनिटं दिसतात. एक अडचण येते. तारखा मजकूर म्हणून उतरल्या असतील तर पहिलं सूत्र `#VALUE!` दाखवतं, किंवा त्याहून वाईट, दिवस आणि महिना अदलाबदल करून गप्प बसतं. म्हणून आधी १३ तारखेनंतरची एखादी ओळ हातानं तपासून घ्यायची.

मग वेळेनुसार क्रम लावला. एकूण १,३६२ इनव्हॉइस. त्यातली मध्यरात्री १२:०० ते ५:२९ मध्ये बनलेली १४९. एक दिवस मागे गेलेली ८७, आणि ती सगळीच्या सगळी त्या १४९ मधली. पहाटे साडेपाचनंतर बनलेल्या एकाही इनव्हॉइसची तारीख बिघडलेली नव्हती.

साडेपाच हा आकडा दिसल्यावर फारसा विचार करावा लागत नाही. भारतीय वेळ ही जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडे मध्यरात्र उलटून नवी तारीख लागते तेव्हा यूटीसीत आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, आणि पहाटे साडेपाचपर्यंत तिथे आदलीच तारीख चालू असते. कुठेतरी सॉफ्टवेअर यूटीसीतली तारीख उचलत होतं.

पण मग उरलेली ६२ बरोबर कशी? त्यांच्यात आणि ८७ मध्ये एकच फरक सापडला, क्लार्कचा. दुसऱ्या क्लार्कच्या शेजारी बसून पाहिलं. तो आधी ज्या कंपनीत होता तिथे तारीख दर वेळी भरावी लागे, त्या सवयीने तो इथेही कॅलेंडर उघडून आजच्याच तारखेवर टिचकी मारायचा. स्क्रीनवर काहीच बदलायचं नाही, आधीही ०१/०१, नंतरही ०१/०१. आणि पहिला मुलगा खरोखरच तारखेला हात लावत नव्हता. सॉफ्टवेअरने आपोआप भरलेली तारीख, जी स्क्रीनवर बरोबरच दिसत होती, ती तशीच ठेवून तो ‘सेव्ह’ करायचा. जे रीतीप्रमाणे योग्य होतं तेच करणारा माणूस दोषी ठरला होता.

आता अटी दोन झाल्या: वेळ मध्यरात्र ते साडेपाच, आणि तारीख न निवडता आपोआप आलेली. दोन्ही एकत्र आल्या तरच बग. पण डेव्हलपरला “रात्री एक वाजता करून बघा” असं लिहिणं म्हणजे तिकीट पुन्हा बंद होण्याची सोय करणं. त्याला दिवसा, त्याच्या टेबलावर, पाच मिनिटांत हे दिसायला हवं.

ते शक्य आहे की नाही हे एका गोष्टीवर अवलंबून होतं. ‘आज’ कोणती तारीख हे ब्राउझर ठरवतो की सर्व्हर? ब्राउझर ठरवत असेल तर कॉम्प्युटरचं घड्याळ मागे केलं की बग दिवसाही दिसेल. सर्व्हर ठरवत असेल तर आपल्या घड्याळाशी खेळून काही होणार नाही, आणि मग सर्व्हरचं घड्याळ बदलायला त्यांच्याच माणसाला सांगावं लागेल. दुपारी माझ्या कॉम्प्युटरचं घड्याळ रात्री सव्वाएकला लावलं आणि टेस्ट सर्व्हरवर इनव्हॉइस बनवलं. तारीख आदल्या दिवसाची आली, म्हणजे ‘आज’ ब्राउझरच ठरवत होता. इथे एक काळजी घेतली होती: तारीख बदलली नाही, त्याच दिवसाचा फक्त तास मागे नेला. घड्याळ महिनोन्‌महिने मागेपुढे केलं तर साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदतच ब्राउझरला चुकीची वाटू लागते आणि पान उघडतच नाही. मग डेव्हलपर दुसऱ्याच एररशी झटापट करत बसतो.

पान उघडं असताना ब्राउझरच्या `Network` पॅनेलमध्ये ‘सेव्ह’च्या वेळी काय जातं आणि काय परत येतं तेही पाहिलं. ६ जानेवारीला, घड्याळ १:१५ ला लावून केलेल्या चाचणीत हे दिसलं:

```
request : "invoiceDate":
           "2026-01-05T19:45:00.000Z"
response: "invoiceDate": "2026-01-05"
```

शेवटचं `Z` म्हणजे ही वेळ यूटीसीतली आहे. ५ तारखेचे १९:४५ यूटीसी म्हणजे आपले ६ तारखेचे १:१५, तेव्हा पाठवलेली वेळ चूक नव्हती. सर्व्हर मात्र त्यातली पहिली दहा अक्षरं तारीख म्हणून ठेवून बाकीचं टाकून देत होता. कॅलेंडरमधून तारीख निवडली की ब्राउझर नुसतं `"2026-01-06"` पाठवायचा, त्याला यूटीसीचा स्पर्शच नाही, म्हणून ते बरोबर राहायचं.

एवढं हातात आल्यावर तिकीट लिहिलं. मूळ इंग्रजीत होतं, इथे मराठीत देतो.

शीर्षक: मध्यरात्री १२:०० ते ५:२९ मध्ये, `Invoice Date` ला हात न लावता सेव्ह केलेल्या इनव्हॉइसची तारीख एक दिवस मागे साठते. क्यूआरमध्येही तीच जाते.

कुठे: लाइव्ह आणि टेस्ट दोन्हीकडे, आवृत्ती ४.१२. विंडोज ११, क्रोम, टाइम झोन यूटीसी +५:३०. रोल: डिस्पॅच यूजर.

बग दिसण्यासाठी पायऱ्या, टेस्ट सर्व्हरवर, दिवसा कधीही:

१. ब्राउझर बंद करा. विंडोजच्या `Date & time` मध्ये `Set time automatically` बंद करा. तारीख आजचीच ठेवा, वेळ १:१५ AM करा.
२. ब्राउझर उघडून डिस्पॅच यूजरने लॉगिन करा. `Sales > Invoice > New` वर जा.
३. कोणताही ग्राहक आणि एक आयटम घ्या. `Invoice Date` मध्ये आजची तारीख आपोआप आलेली दिसेल. त्यावर क्लिक करू नका.
४. `Save` करा.
५. `Invoice Register` मध्ये तेच इनव्हॉइस शोधा आणि `Invoice Date` पाहा.

अपेक्षित निकाल: ३ऱ्या पायरीत स्क्रीनवर दिसलेली तारीखच रजिस्टर, पुन्हा काढलेली प्रिंट आणि क्यूआर या तिन्हींत असावी.

प्रत्यक्ष निकाल: सेव्हनंतर लगेच निघणाऱ्या पहिल्या प्रिंटवर आजची तारीख. रजिस्टर, पुन्हा काढलेली प्रिंट आणि क्यूआर यांत कालची. कोणताही एरर मेसेज येत नाही.

बग दिसत नाही अशा दोन स्थिती: (अ) वरच्याच पायऱ्या, पण वेळ ५:३० AM, तारीख बरोबर येते. ५:२९ ला चुकते. (आ) वेळ १:१५ AM, पण ३ऱ्या पायरीत कॅलेंडर उघडून आजचीच तारीख निवडली. तारीख बरोबर येते.

टीप: घड्याळ मागे केल्यावरही `Created On` मध्ये खरी वेळ दिसेल, कारण ती सर्व्हरची आहे. तो या तिकिटाचा भाग नाही.

जोडलेलं: ‘सेव्ह’च्या वेळची रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स, १,३६२ इनव्हॉइसची एक्सेल, त्यात चुकलेली ८७ वेगळ्या रंगात, क्यूआर वाचल्यावर आलेल्या मजकुराचा स्क्रीनशॉट.

आमचा अंदाज: ब्राउझर यूटीसीत वेळ पाठवतो आणि सर्व्हर त्यातला तारखेचा तुकडा तसाच ठेवतो. कोड पाहिलेला नाही.

यातल्या दोन-तीन जागांवर थोडं थांबतो.

पायऱ्यांपेक्षाही (अ) आणि (आ) या दोन ओळींनी जास्त काम केलं. बग कुठे दिसतो हे सांगितलं की डेव्हलपरला शोध सुरू करता येतो. तो कुठे दिसत नाही हे सांगितलं की शोधायची जागा एकदम आक्रसते. ५:२९ ला चूक आणि ५:३० ला बरोबर हे वाचणाऱ्या कुठल्याही डेव्हलपरच्या डोक्यात टाइम झोनच येणार. आणि कॅलेंडरने निवडलेली तारीख बरोबर येते म्हटल्यावर रजिस्टर, प्रिंट, पोर्टलशी बोलणारा कोड हे सगळं बाजूला पडतं. उरतो तो आपोआप भरली जाणारी तारीख पाठवण्याचा एक तुकडा.

अपेक्षित निकालात “तारीख बरोबर यावी” असं लिहिलं असतं तर भांडणाला जागा राहिली असती. बरोबर म्हणजे कुणाची? सर्व्हरच्या दृष्टीने ५ तारीख बरोबरच होती. म्हणून मोजमाप असं दिलं की ज्यावर वाद होत नाही: वापरणाऱ्याने सेव्ह करताना स्क्रीनवर जी तारीख पाहिली, तीच सगळीकडे हवी.

अंदाज वेगळ्या मथळ्याखाली ठेवणं हे मी हट्टाने करतो. पाहिलेलं आणि वाटलेलं एकाच परिच्छेदात मिसळलं की पुढचा माणूस दोन्ही सारख्याच खात्रीचं धरतो, आणि अंदाज चुकला तर निरीक्षणावरचाही विश्वास जातो. अंदाज लिहूच नये असं काही लोक सांगतात. मला ते पटत नाही. आठ तास शोधणाऱ्याला दिशा मिळत असेल तर ती द्यावी, फक्त तिच्यावर पाटी बरोबर लावावी.

आता धंद्यावरचा परिणाम. हा भाग लिहायला अकाउंट्सची मदत घेतली, आणि इथेच सगळ्यात जास्त खाडाखोड झाली.

त्यांचा पहिला मसुदा होता, “जीएसटीचं प्रचंड नुकसान आणि दंड होऊ शकतो.” आम्ही बसून हिशोब केला. महिन्याच्या मधल्या रात्री इनव्हॉइस एक दिवस मागे गेलं तरी महिना तोच राहतो, रिटर्नचे आकडे बदलत नाहीत. म्हणूनच ही गोष्ट इतके दिवस कुणाच्या लक्षात आली नव्हती. फरक पडतो तो महिना बदलतो त्या रात्री. १ जानेवारीच्या पहाटेची चार इनव्हॉइस डिसेंबरमध्ये गेली होती. ट्रक परत आला तेव्हा रद्द केलेलं पाचवं यात धरलेलं नाही. चारांचं मिळून करपात्र मूल्य १८,४०,००० रुपये, १८ टक्क्यांनी कर ३,३१,२००. हा कर जानेवारीच्या रिटर्नबरोबर २० फेब्रुवारीपर्यंत भरायचा, तो डिसेंबरच्या रिटर्नबरोबर २० जानेवारीपर्यंत भरावा लागणार. म्हणजे कर उशिरा नाही, महिनाभर लवकर जातोय. लवकर भरलेल्या करावर ना व्याज ना दंड. वर्षाला १२ टक्के दराने त्या पैशाचं महिन्याचं व्याज धरलं तर ३,३१२ रुपये. ग्राहकाचं क्रेडिटही बुडत नाही, त्यांच्याकडे ते एक महिना आधी दिसतं आणि ताळा जुळवताना डोकेदुखी होते.

तीन हजार रुपये! “प्रचंड नुकसान” असं लिहून पाठवलं असतं आणि त्यांच्या बाजूला कुणी जीएसटी जाणणारा असता तर पुढच्या प्रत्येक तिकिटावर आमचा शब्द अर्ध्या किमतीत गेला असता.

गेटवरचा परिणाम मात्र खरा आणि रोजचा होता. क्यूआर वाचणाऱ्या ग्राहकाकडे रात्री जाणाऱ्या ज्या ज्या ट्रकच्या इनव्हॉइसवर तारीख हाताने निवडलेली नाही, त्याचा कागद आता परत येणार. आयआरएन दिल्यापासून २४ तासांतच रद्द करता येतो, चालू ई-वे बिल असेल तर आधी ते रद्द करावं लागतं, आणि रद्द झालेला इनव्हॉइस नंबर पुन्हा वापरता येत नाही. त्या रात्री याला जवळजवळ पाच तास लागले. ग्राहकाची उत्पादनाची लाइन थांबली का? नाही, त्यांच्याकडे एका पाळीपुरता साठा होता. तिकिटात तसंच लिहिलं. लाइन थांबली असं लिहिण्याचा मोह होता, कारण लाइन थांबणे हा शब्द चाकणमध्ये कुणालाही जागं करतो.

तिसरा परिणाम अकाउंटंटच्या बोलण्यातून सहज बाहेर आला, आणि त्यानेच तिकिटाची प्राधान्यता ठरवली. ते म्हणाले, “एक एप्रिलला आपले नंबर परत एकपासून सुरू होतात ना?”

या कारखान्यात इनव्हॉइस नंबर `CHK/0001` असा असतो, त्यात वर्ष नसतं. नियमाला ते चालतं, कारण नंबर एका आर्थिक वर्षात एकदाच यावा अशी अट आहे. आयआरएन बनतो तो विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि दस्तऐवजाचा नंबर या चारांपासून. आता १ एप्रिलच्या पहाटे एक वाजता पहिला ट्रक निघाला असं धरा. ईआरपी नव्या वर्षाचा नंबर देईल, `CHK/0001`. तारीख साठेल ३१ मार्च, म्हणजे आर्थिक वर्ष जुनं. जुन्या वर्षातलं `CHK/0001` गेल्या एप्रिलमध्येच नोंदलेलं आहे. चारही गोष्टी जुळल्या, पोर्टल डुप्लिकेट आयआरएन म्हणून नाकारणार. आयआरएन नाही तर कायदेशीर इनव्हॉइस नाही, आणि इनव्हॉइस नाही तर ट्रक फाटकाबाहेर पडत नाही. नंबर नवा घेतला तरी `CHK/0002` चंही तेच होणार. साडेपाचपर्यंत.

हे फक्त तर्काने लिहिलं नाही. टेस्ट सर्व्हर पोर्टलच्या चाचणीसाठीच्या जागेला जोडलेला होता. तिथे आधी नोंदलेला एक नंबर त्याच आर्थिक वर्षातल्या तारखेने पुन्हा पाठवला आणि आलेला `2150` हा एरर, `Duplicate IRN`, जसाच्या तसा जोडला.

परिणामाचा भाग शेवटी एवढा झाला:

धंद्यावरचा परिणाम: (१) रोज रात्री: क्यूआर वाचणाऱ्या एका ग्राहकाकडे माल नाकारला जातो. १ जानेवारीला एक ट्रक, सुमारे पाच तास उशीर. ग्राहकाची लाइन थांबली नाही, त्यांच्याकडे एका पाळीचा साठा असतो. (२) महिना बदलताना: करदायित्व एक महिना आधी येतं. या वेळी ३,३१,२०० रुपये. दंड नाही. (३) १ एप्रिल, मध्यरात्र ते ५:३०: तारखेला हात न लावता केलेल्या कोणत्याही इनव्हॉइसला आयआरएन मिळणार नाही, डिस्पॅच बंद. तात्पुरता उपाय: क्लार्कने कॅलेंडरमधून तारीख निवडणे. आजपासून लागू केला आहे. दुरुस्ती कधीपर्यंत हवी: ३१ मार्चच्या आधी लाइव्ह.

तात्पुरता उपाय लिहावा की नाही यावर आमच्यात थोडी चर्चा झाली. मॅनेजरचं म्हणणं, “उपाय आहे असं सांगितलंत तर ते निवांत होतील.” होतातही. पण लपवला आणि त्यांनी स्वतः शोधला, जो (आ) वरून पाच मिनिटांत सापडतो, तर ‘अर्जंट’चा अर्थच उरत नाही. शिवाय उपाय माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून होता, रात्री दोन वाजता, फाटकात ट्रक उभा असताना. तेही एका वाक्यात लिहिलं.

तिकीट दुपारी गेलं, त्याच संध्याकाळी डेव्हलपरचं उत्तर आलं: “दिसला. ब्राउझरमध्ये आहे.” दुरुस्ती छोटी होती. आपोआप येणारी तारीखसुद्धा कॅलेंडरसारखी नुसती तारीख म्हणूनच पाठवायची, वेळ लावायचीच नाही. त्याआधी त्यांच्याकडे कुणीतरी सर्व्हरवर साडेपाच तास मिळवायचं सुचवलं होतं. त्याने चाकणचा प्रश्न सुटला असता, पण याच सॉफ्टवेअरवर दुबईहून काम करणाऱ्याची रात्री साडेदहानंतरची इनव्हॉइस एक दिवस पुढे गेली असती, कारण तिथे साडेदहा वाजतात तेव्हा भारतात नवी तारीख लागलेली असते. इनव्हॉइसची तारीख ही कुठल्या क्षणाची नोंद नाही, कागदावर लिहिलेला दिवस आहे. तिला टाइम झोनच नको.

दुरुस्ती आल्यावर तपासणीला वेगळं काही रचावं लागलं नाही. त्याच पायऱ्या, वेळ बदलून: १२:००, १:१५, ५:२९, ५:३० आणि रात्री ११:५९, प्रत्येक वेळी तारखेला हात न लावता आणि लावून. क्यूआरही वाचून पाहिला. फेब्रुवारीत ते लाइव्ह गेलं.

जुन्या ८७ इनव्हॉइसचं काय, हे मुद्दाम बगच्या तिकिटात घातलं नव्हतं. “बग काढा आणि जुना डेटा पण सुधारा” असं एकत्र लिहिलं की दोन वेगळ्या माणसांची, वेगळ्या धोक्याची कामं एकमेकांत अडकतात आणि सोपं काम अवघडाची वाट बघत बसतं. डेटाचं तिकीट स्वतंत्र केलं. त्यावर डेटाबेसमध्ये तारखा परस्पर बदलून देण्याची तयारी त्यांनी दाखवली. ती आम्ही नाकारली. त्या इनव्हॉइसवर पोर्टलने सही केलेला क्यूआर आहे, त्यात जुनीच तारीख आहे, आणि जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्येही पोर्टलकडून तीच गेलेली. आपल्या डेटाबेसमधली तारीख बदलली तर आज कागद आणि क्यूआर जुळत नाहीत, उद्या डेटाबेस आणि रिटर्नही जुळणार नाहीत. ८७ ची यादी अकाउंट्सने शेरा लिहून फाइलला लावली. महिना ओलांडलेल्या चारांच्या बाबतीत काय करायचं ते कारखान्याच्या सीएनी ठरवलं.

बगच्या तिकिटाच्या तळाशी एक ओळ होती: “हीच चूक क्रेडिट नोटमध्येही दिसली. माल आवक नोंदीत पाहिलेलं नाही.” क्रेडिट नोट त्याच दुरुस्तीत आली. आवक नोंद नंतर तपासली, तिथेही रात्री उतरलेल्या मालाची तारीख एक दिवस मागे जात होती. पुरवठादाराचे पैसे देण्याची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते, तेव्हा परिणाम एवढाच की रात्री माल देणाऱ्याला पैसे एक दिवस आधी मिळत होते. तिकीट केलं, परिणाम तसाच लिहिला, प्राधान्य ‘कमी’ टाकलं. ते मे महिन्यातल्या आवृत्तीत दुरुस्त झालं.